बासरीवादनातील ओठांची ठेवण व श्वासनियंत्रण

ओठांची ठेवण आणि श्वासनियंत्रण ही आडव्या बांबूच्या बासरीवर स्वर निर्माण करण्याची दोन मूलभूत तंत्रे आहेत. ओठांच्या ठेवणीमुळे हवेच्या झोताची जाडी, दिशा आणि मुखरंध्राच्या कडेपासूनचे अंतर ठरते, तर श्वासनियंत्रणामुळे त्या झोताचा वेग टिकून राहतो. पाश्चात्त्य बासरीवादनात ओठांच्या ठेवणीसाठी 'आंबूशूर' ही फ्रेंच संज्ञा वापरली जाते. हिंदुस्थानी संगीतात तिच्यासाठी एकच रूढ शब्द नाही. शिकवताना 'फुंक', 'फुंकर' किंवा 'ओठ बसणे' असे शब्दप्रयोग केले जातात.

नवशिक्याच्या पहिल्या स्वरांत सुराबरोबर, पुष्कळदा सुरापेक्षाही अधिक, हवेचा फसफस असा आवाज ऐकू येतो. यालाच 'सुरात हवा येणे' असे म्हणतात. दम कमी पडतो किंवा जोर कमी लागतो म्हणून असे होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्वर वाजण्यास लागणारा दाब अतिशय अल्प असतो, आणि हवा मिसळण्याचे कारण बहुतेक वेळा छातीत नसून ओठांमधील फटीत असते.

## स्वर कसा उत्पन्न होतो

जत्रेत मिळणारी, टोक तोंडात धरून वाजवायची शिट्टीची बासरी कोणत्याही मुलाच्या हातात दिली, तर ती पहिल्याच फुंकरीला वाजते. आडवी बासरी मात्र त्याच मुलाकडून कित्येक दिवस नीट वाजत नाही. दोन्ही वाद्यांचे ध्वनिशास्त्र मूलतः एकच आहे. शिट्टीच्या बासरीत तोंडाकडील बुचाला एक अरुंद, चपटी वाट ठेवलेली असते. तिच्यातून आलेला हवेचा पातळ पट्टा समोरच्या धारदार कडेवर नेमका आदळतो. पट्ट्याची जाडी, त्याची दिशा आणि कडेपर्यंतचे अंतर या तिन्ही गोष्टी कारागिराने कायमच्या ठरवून दिलेल्या असतात. आडव्या बासरीत ही वाटच नसते. ती वादकाने प्रत्येक फुंकरीला स्वतःच्या ओठांनी घडवायची असते. मोबदल्यात त्याला स्वराचा पोत, जोर आणि सप्तक हवे तसे बदलण्याचे स्वातंत्र्य मिळते.

ओठांतून निघालेला झोत मुखरंध्रावरून आडवा जातो आणि पलीकडच्या कडेवर आदळतो. तो कडेच्या किंचित वर गेला तर बाहेर निसटतो, किंचित खाली गेला तर नळीत शिरतो. नळीतील हवेचा स्तंभ आंदोलित होऊ लागला की तो मुखरंध्रातून आळीपाळीने हवा बाहेर ढकलतो व आत ओढतो. त्यामुळे झोत वरखाली हलतो. हललेला झोत योग्य क्षणी नळीत शिरला, तर वायुस्तंभाच्या आंदोलनाला पुन्हा बळ मिळते. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्यासारखेच हे आहे. झोत आणि वायुस्तंभ यांची ही देवाणघेवाण जुळली की स्वर टिकतो. येथे कंप पावणारी पत्ती नसते आणि ओठही कंप पावत नाहीत. शहनाई किंवा तुतारी यांच्याहून बासरी वेगळी ठरते ती याच बाबतीत.

धक्का योग्य वेळी मिळण्यासाठी ओठांपासून कडेपर्यंतचा प्रवास ठरावीक वेळात व्हावा लागतो. हा वेळ साधारणतः स्वराच्या अर्ध्या आवर्तनाइतका असतो. झोत जाड, मंद किंवा दिशाहीन असेल तर ही जुळणी होत नाही.

## पहिल्या स्वरांत हवा का ऐकू येते

फसफस हा आवाज हवेच्या प्रवाहातील खळबळीतून येतो. कोणताही वेगवान झोत स्थिर हवेत शिरला की त्याच्या कडांना भोवरे निर्माण होतात आणि तो एखाद्या कडेवर आदळला की खळबळ वाढते. निष्णात वादकाच्या सुरातही ही फसफस असतेच. तेथे सूर इतका बलवान असतो की ती त्याच्याखाली झाकली जाते. नवशिक्याच्या बाबतीत सूर दुबळा असतो आणि हवेचा आवाज मोठा असतो. म्हणून 'हवा कमी करा' ही सूचना अपुरी ठरते. नुसती फुंकर मंद केली तर हवेबरोबर सूरही जातो. झोताचा जो भाग वाया जातो तो सुराच्या कामी लावणे हा खरा उपाय आहे.

झोत वाया जाण्याचे पहिले व सर्वांत सामान्य कारण म्हणजे ओठांमधील फट मोठी असणे. नवशिक्या मेणबत्ती विझवावी तसे ओठ गोल करून फुंकतो. गोल फटीतून निघालेला झोत जाड असतो. त्याचा मधला थोडासा भाग कडेशी देवाणघेवाण करतो, उरलेला भाग कडेच्या वरून किंवा नळीच्या आत नुसता वाहतो व खळबळ तेवढी वाढवतो. याउलट ओठ आडवे ठेवून केलेली चपटी फट पातळ पट्टा देते. असा पट्टा थोड्याशा ढकलण्यानेही संपूर्णपणे वर किंवा खाली हलू शकतो.

दुसरे कारण म्हणजे नेम. झोत कडेच्या फार वरून गेला तर बहुतांश हवा बाहेर पडते. फार खाली गेला तर ती नळीत शिरते आणि सूर दबलेला, घुसमटलेला येतो. नेम चुकण्यात एक बारकावा पुष्कळदा लक्षात येत नाही. तो म्हणजे डावी-उजवी बाजू. अनेकांच्या वरच्या ओठाच्या मध्यभागी थेंबासारखा लहान उंचवटा असतो. अशा ओठांतील फट आपोआप एका बाजूला सरकते किंवा दोन भागांत विभागते. बासरी नाकाच्या बरोबर खाली मध्यावर धरण्याचा हट्ट केल्यास झोत मुखरंध्राच्या बाजूला जातो. फट एका बाजूला असणे हा दोष नाही. अशा वेळी बासरीच तेवढी सरकवून मुखरंध्र फटीसमोर आणावे लागते. आरशात पाहून हे काही मिनिटांत ठरवता येते.

तिसरे कारण अंतराचे. खालच्या ओठाने मुखरंध्राचा सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग झाकणे सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. त्याहून फार कमी झाकले तर झोताला कडेपर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेत तो पसरतो. अशा वेळी सुरात हवा तर येतेच, शिवाय सूर किंचित चढाही लागतो. फार जास्त झाकले तर सूर उतरतो व बारीक होतो. तानपुऱ्याबरोबर किंवा मोबाइलवरील ट्यूनरबरोबर वाजवताना ही खूण उपयोगी पडते. हवा आणि चढेपणा एकत्र आढळले, तर बासरी किंचित आत वळवून पाहावी.

नवशिक्यांना एक गोष्ट बुचकळ्यात टाकते: सूर अजिबात लागलेला नसतानाही फसफशीत 'सा' अंधुकपणे ओळखू येतो. याचे कारण असे की नळी हवेच्या खळबळीतून आपल्याला अनुकूल असलेली कंप्रता अनुनादाने वेचून घेते. असा अंधुक स्वर ऐकू येणे म्हणजे बोटे योग्य ठिकाणी आहेत, फक्त झोत आणि वायुस्तंभ यांची देवाणघेवाण अजून जुळलेली नाही.

## ओठ बसवण्याची पद्धत

प्रथम बासरी न घेता ओठ सहज मिटावेत. जबडा सैल असावा आणि दात एकमेकांवर दाबलेले नसावेत. ओठांचे कोपरे हलकेच स्थिर ठेवून मधोमध अगदी लहान आडवी फट पडू द्यावी आणि तळहातावर फुंकावे. तळहात सुमारे १० ते १५ सेंटिमीटर दूर धरल्यास झोत कसा आहे ते लगेच कळते. पातळ व वेगवान झोत एका लहान जागी गार लागतो. जाड व मंद झोत पसरट आणि उबदार लागतो. हसल्याप्रमाणे कोपरे ताणल्यास ओठ पातळ व ताठ होतात आणि सूर कर्कश येतो. शिट्टी वाजवताना काढतात तसा ओठांचा चंबू केल्यास फट गोल होते.

त्यानंतर बासरीचे मुखरंध्र दोन्ही ओठांच्या मध्ये टेकवावे, म्हणजे रंध्राची कड जाणवते. मग बासरी स्वतःभोवती पुढे फिरवावी, जेणेकरून रंध्र वर येईल आणि त्याची जवळची कड खालच्या ओठाच्या खालच्या किनारीवर विसावेल. या टप्प्यावर स्वररंध्रांवर बोटे ठेवण्याची आवश्यकता नसते. सर्व रंध्रे उघडी ठेवून तीव्र मध्यम काढणे सर्वांत सोपे जाते, कारण नळीचा कंप पावणारा भाग लहान असतो आणि बोटांतून हवा गळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

फुंकत असतानाच बासरी अतिशय सावकाश आत-बाहेर वळवावी. कुठेतरी एका अरुंद पट्ट्यात फसफस अचानक कमी होऊन सूर उमटतो. ती जागा सापडल्यावर बासरी दूर करून पुन्हा ठेवावी आणि तीच जागा पुन्हा शोधावी. जागा एकदा सापडण्यापेक्षा ती दहा वेळा पुन्हा सापडणे हे या अभ्यासाचे उद्दिष्ट असते. येथे घाई केली जाते आणि सूर एकदा लागला की लगेच अलंकारांकडे वळले जाते. मग बोटे हलू लागताच बासरी ओठांवरून सरकते व हवा परत येते.

बासरी ओठांवर घट्ट दाबू नये. दाबामुळे खालचा ओठ रंध्रात फुगतो, फटीचा आकार बदलतो आणि काही मिनिटांतच ओठ बधिर होतो. बासरीचा भार अंगठे व हातांनी तोलावा आणि ओठाचा स्पर्श हलका ठेवावा.

## एक उदाहरण: पांढरी पाचची बासरी

महाराष्ट्रात वाद्याची पट्टी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सांगण्याची पद्धत आहे. नवशिक्यांना पुष्कळदा पांढरी पाचची बासरी दिली जाते. तिच्यात वरची तीन स्वररंध्रे झाकली असता मध्य षड्ज मिळतो आणि त्याची कंप्रता सुमारे ३९२ हर्ट्झ असते. सहाही रंध्रे झाकल्यावर मंद्र पंचम लागतो.

या षड्जाचे एक आवर्तन सुमारे २.५५ सहस्रांश सेकंदांचे, म्हणजे अर्धे आवर्तन साधारण १.३ सहस्रांश सेकंदांचे असते. ओठांपासून कडेचे अंतर ८ मिलिमीटर मानले, तर झोतावरील लाटेला हे अंतर तेवढ्या वेळात कापावे लागते. ही लाट खुद्द झोताच्या निम्म्याहून काहीशा कमी वेगाने पुढे सरकते. हा हिशेब केल्यास झोताचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर असावा लागतो. हे आकडे स्थूल आहेत; ओठ आणि वाद्य यांनुसार ते बदलतात.

एवढा वेग देण्यासाठी तोंडात लागणारा दाब केवळ दीड सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पेल्यातील पाण्यात स्ट्रॉचे टोक दीड सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढताना जेवढा जोर लागतो, तेवढाच हा जोर आहे. फुगा फुगवण्यास याच्या कितीतरी पट दाब लागतो. गाल फुगवून व मान ताठ करून फुंकणारा विद्यार्थी षड्जासाठी आवश्यक दाबाच्या बराच पुढे गेलेला असतो.

आता फटीचा परिणाम पाहू. दीर्घ श्वास घेतल्यावर सुमारे ३ लिटर हवा वापरता येते असे मानू. पहिल्या आठवड्यातील विद्यार्थ्याची फट १२ मिलिमीटर रुंद व अडीच मिलिमीटर उंच असेल, तर तिचे क्षेत्रफळ ३० चौरस मिलिमीटर होते. सेकंदाला १५ मीटर वेगाने तिच्यातून दर सेकंदाला ४५० मिलिलिटर हवा निघते आणि श्वास सात सेकंदांच्या आत संपतो. फट १० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर उंच केली, तर क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर होते, सेकंदाला १५० मिलिलिटर हवा लागते आणि तोच श्वास २० सेकंद पुरतो. दोन्ही वेळा फुप्फुसे तीच, वेगही तोच. 'माझा दम पुरत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची फट आधी तपासावी, ती याच कारणासाठी.

घड्याळ लावून षड्ज किती सेकंद टिकतो याची नोंद ठेवल्यास प्रगती स्पष्ट दिसते. सेकंद वाढत असताना फसफसही कमी होत असेल, तर फट लहान होत आहे असे समजावे. सेकंद वाढले पण सूर अधिकच पुसट झाला, तर विद्यार्थी फट तशीच ठेवून केवळ मंद फुंकत आहे. अशा वेळी सूर उतरलेलाही आढळतो, कारण झोताचा वेग कमी झाला की बासरीचा स्वर खाली घसरतो.

## श्वासनियंत्रण

सर्वसाधारण शांत श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. वादनात श्वास त्वरेने व खोल घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. खोल श्वास घेताना खांदे वर जाऊ नयेत. श्वासपटल खाली जाते तेव्हा पोट पुढे येते आणि खालच्या बरगड्या बाजूंना रुंदावतात. पाठीवर झोपून पोटावर हात ठेवल्यास ही हालचाल सहज ओळखता येते. श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून घेतला तर ओठांची ठेवण मोडत नाही.

शिकवताना 'पोटातून फुंका' असे सांगितले जाते. ही सूचना अर्धीच बरोबर आहे. फुप्फुसे पूर्ण भरलेली असताना त्यांच्या आणि बरगड्यांच्या लवचीकपणामुळे हवा आपोआप बाहेर ढकलली जाते. हा दाब बासरीला लागणाऱ्या दाबाच्या कित्येक पट असतो. श्वासाच्या सुरुवातीला पोटाने आणखी ढकलले, तर सूर फाटतो किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. त्या वेळी काम उलटे असते. श्वास घेताना रुंदावलेल्या बरगड्या तशाच धरून ठेवाव्या लागतात आणि हवेला लगाम घालावा लागतो. श्वास अर्ध्यावर आला की लवचीकपणाचा दाब ओसरतो आणि तेथून पुढे पोटाचे स्नायू हळूहळू आत घेऊन दाब टिकवावा लागतो. नवशिक्याचा दीर्घ स्वर सुरुवातीला जोरकस व हवेचा, मध्ये बरा आणि शेवटी उतरलेला असतो. लगामापासून आधाराकडे जाणारा हा बदल त्याला अजून साधलेला नसतो.

यासाठी वर सांगितलेला स्ट्रॉचा प्रयोगच अभ्यास म्हणून करता येतो. टोक दीड ते दोन सेंटिमीटर खोल ठेवून श्वासाच्या आरंभापासून अखेरपर्यंत बुडबुडे एकाच लयीत येतील असे फुंकावे. बुडबुडे आधी उसळून येत असतील आणि शेवटी थांबत असतील, तर बासरीवरही तोच प्रकार घडत असतो. फरक इतकाच की येथे तो डोळ्यांना दिसतो.

प्रत्यक्ष वाद्यावर रूढ अभ्यास दीर्घ स्वरांचा आहे. मध्य षड्जापासून आरंभ करून एका श्वासात एकच स्वर, जोर न बदलता, धरला जातो. स्वर सुरू करताना 'तू' म्हणताना जीभ जशी हलते तशी हलकी हालचाल करणे काहींना सोयीचे जाते. जीभ मागे घेताच झोत पूर्ण वेगाने निघतो आणि सुरुवातीची फसफस आखूड होते. मात्र प्रत्येक स्वराला जीभ लावण्याची सवय हिंदुस्थानी वादनातील मींडप्रधान, अखंड चलनाला मारक ठरते. म्हणून काही काळाने जिभेशिवाय स्वर उचलण्याचा अभ्यासही करावा लागतो.

आरंभीच्या दिवसांत अनेकांना चक्कर आल्यासारखे वाटते. मोठ्या फटीतून भरपूर हवा जाते, तिच्या भरपाईसाठी वारंवार खोल श्वास घेतले जातात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. अशा वेळी बासरी खाली ठेवून बसावे आणि सहज श्वास घ्यावा. काही मिनिटांत बरे वाटते. फट लहान होऊ लागली की हा त्रास बहुधा थांबतो. तरीही तो होत राहिल्यास वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट. एका बैठकीत १० ते १५ मिनिटे वाजवून विश्रांती घेणे सुरुवातीला पुरेसे असते, कारण थकलेले ओठ फट लहान ठेवू शकत नाहीत.

## दोष ओठांचा की बोटांचा

हवा मिसळण्याचे कारण नेहमीच ओठांत नसते. एखादे स्वररंध्र बोटाने पूर्ण झाकले गेले नाही, तरी सूर हवेचा, चिरका किंवा अजिबात न लागणारा होतो. दोन्ही दोष कानाला सारखेच वाटतात, पण ते वेगळे करता येतात. सर्व रंध्रे उघडी ठेवून तीव्र मध्यम वाजवावा. तोच फसफशीत असेल तर दोष ओठांचा आहे. तो स्वच्छ असेल तर वरून एकेक बोट ठेवत गंधार, ऋषभ, षड्ज असे खाली यावे. ज्या बोटापाशी सूर बिघडतो ते किंवा त्याच्या वरचे बोट गळत असते. बोट उचलून त्याच्यावर उमटलेला रंध्राचा ठसा पाहावा. वर्तुळ अपुरे असेल तर बोट सरकवावे.

षड्जापर्यंत सर्व ठीक असून मंद्र निषाद, धैवत व पंचम मात्र हवेचे येत असतील, तर उजव्या हाताची बोटे तपासावीत. तीही बरोबर असतील तर फुंकर जोराची आहे असे समजावे. मंद्र स्वरांची आवर्तने दीर्घ असतात, म्हणून त्यांना मंद झोत लागतो. षड्जाला शोभणारा वेग मंद्र पंचमाला अधिक होतो आणि सूर वर उडी मारू पाहतो. येथे विद्यार्थी स्वाभाविकपणे आणखी जोर लावतो, आणि सूर आणखी दूर जातो.

## तार सप्तकाकडे जाताना

त्याच बोटांनी तार षड्ज वाजवताना कंप्रता दुप्पट, सुमारे ७८४ हर्ट्झ होते आणि झोताला मिळणारा वेळ निम्मा होतो. अंतर तेच ठेवून हे साधायचे तर वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर करावा लागेल. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो चौपट होईल. स्ट्रॉच्या भाषेत सांगायचे तर दीड सेंटिमीटरऐवजी साडेपाच ते सहा सेंटिमीटर खोलीचा जोर लागेल. तेवढ्याच फटीतून हवाही दुप्पट खर्च होईल आणि फसफस झपाट्याने वाढेल.

अनुभवी वादक असे करीत नाही. तो ओठ किंचित पुढे आणून कडेचे अंतर कमी करतो आणि फट अधिक लहान करतो. अंतर ८ वरून ६ मिलिमीटरवर आले, तर सेकंदाला २२ मीटरच्या आसपास वेग पुरतो व दाब केवळ दुपटीपर्यंत जातो. फट लहान असल्याने हवेचा खर्चही आटोक्यात राहतो. तार सप्तकात हवा मिसळते ती बहुधा ओठ न हलवता केवळ फुंकर वाढवल्यामुळे. अवरोहात येताना ओठ पुन्हा सैल न केल्यास मध्य सप्तकाचे स्वर बारीक लागतात, हा त्याचाच उलटा भाग.

## वाद्याच्या मर्यादा

काही वेळा दोष वाद्यात असतो. मुखरंध्राची पलीकडची कड झिजलेली किंवा तंतू निघालेली असेल, बांबूला केसासारखी बारीक चीर गेली असेल किंवा मुखरंध्राजवळचे बूच सैल झाले असेल, तर योग्य फुंकरीलाही सूर स्वच्छ येत नाही. बासरी अनुभवी वादकाकडून वाजवून घेणे हा याचा सर्वांत सोपा निवाडा.

लांब बासऱ्यांवर हवा अधिक ऐकू येते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागदारीसाठी सुमारे ३२ इंच लांबीची मोठी बासरी रूढ केली. अशा खर्जाच्या वाद्यांत मंद्र स्वरांना मंद झोत लागतो, मूळ सूर कमी तीव्र असतो आणि त्यामानाने फसफस कानात भरते. नवशिक्याने अशा बासरीवर आरंभ केल्यास बोटांच्या ताणाबरोबर हा प्रश्नही वाढतो. त्यामुळे पांढरी पाच किंवा त्याहून लहान बासरी सुरुवातीला अधिक सोयीची ठरते.

वादकाच्या स्वतःच्या कानाचाही येथे विचार करावा लागतो. फसफशीचा उगम ओठांपाशी, म्हणजे कानापासून वीतभर अंतरावर असतो. सूर मात्र मुखरंध्रातून आणि उघड्या स्वररंध्रांतून खोलीभर पसरतो. त्यामुळे वादकाला जेवढी हवा ऐकू येते तेवढी चार-पाच मीटरवरच्या श्रोत्याला येत नाही. मायक्रोफोन मुखरंध्राजवळ ठेवल्यास तोही हवा वाढवून दाखवतो. स्वतःचा सूर तपासण्यासाठी ध्वनिमुद्रण करताना मोबाइल ओठांपाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. तेथेही सूर फसफशीत आला, तर ओठांवर काम करणे बाकी आहे.